काका गेले, सावली राहिली!

नवेगावबांधचा वीकेंड मस्त झाला, तलावाचे फोटोही झकास आले. पण बेस्ट फोटोत मागे काठावर एक अनोळखी काका मोबाइलवर बोलताहेत आणि वर आकाशात तिरकी विजेची तार! डिलीट करू नका. फोटोशॉपमध्ये २०२३ पासून ‘जनरेटिव्ह फिल’ आहे, तसली टूल्स आता इतरत्रही मिळतात. नको तो भाग ब्रशने रंगवायचा, म्हणजे मास्क करायचा, आणि तिथं काय हवं ते लिहायचं.

बहुतेकांची गाडी इथेच अडते. ते लिहितात, ‘माणूस काढ’. पण मास्क भरणाऱ्या टूलला हुकूम नाही, वर्णन लागतं. ‘माणूस’ वाचून ते कधीकधी दुसराच माणूस उभा करतं! म्हणून काकांच्या मागे जे दिसलं असतं, तेच लिहा:

```
calm lake water, grassy muddy bank, soft morning haze
```

मास्क काकांच्या कडेपेक्षा थोडा मोठा घ्या. त्यात त्यांची सावली आणि पाण्यातलं प्रतिबिंबही हवं. सावली बाहेर राहिली, तर टूल तिला साजेसं काहीतरी तिथं उभं करतं, बहुधा पुन्हा माणूसच.

तारेचं उलटं. तिथं मास्क बारीक, तारेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम थोडी जागा सोडून. अख्खं आकाश रंगवलंत, तर नवंच आकाश मिळेल आणि पाण्यातल्या उजेडाशी त्याचं जमणार नाही. तार झाडावरून जात असेल, तर दोन तुकडे करा: आकाशासाठी एक मास्क, पानांसाठी दुसरा, आणि दोन्हींचं वर्णन वेगळं. मग फोटो शंभर टक्के झूम करून बघा. काठाची रेघ तुटलीय का? भरलेला भाग जास्तच गुळगुळीत दिसतोय का? पाण्यात तार अजून तरंगतेय का?

आता एक ब्रेक. गोंदियाजवळच्या परसवाडा तलावाकडे सारस दिसला आणि फ्रेममध्ये तार आली, तर ब्रश खाली ठेवा. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात, आणि विजेच्या तारांना धडकून किंवा शॉक लागून ते मरतात. तुम्हाला खटकणारी ती तार त्या फोटोतली सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. ती पुसलीत, तर बघणाऱ्याला वाटेल, इथं पक्ष्याला काही धोकाच नाही.

भिंतीवर लावायला हवा असेल, तर कॉपीवर खुशाल काम करा, पण ओरिजिनल फाइल जपा. पक्ष्यांच्या नोंदीसाठी किंवा बातमीसाठी द्यायचा असेल, तर तारेसकटच द्या. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतही जनरेटिव्ह फिल चालत नाही.

काका गेले तरी चालेल. सारसाच्या डोक्यावरची तार मात्र फोटोतून नाही, शेतातून जायला हवी.