घराचा डबा आणि शेताचा डबा वेगळा ठेवा



या पानावर मी एरवी उसाचं, गोठ्याचं लिहितो. आज घरखर्चाचं लिहितोय. कारण गेल्या वर्षी आमचं घर फुटायच्या बेतात आलं होतं, आणि त्यामागं ना जमिनीचा वाद होता ना बायकांची भांडणं. हिशोब नव्हता, एवढंच.

घरात आम्ही अकरा माणसं. आई, अण्णा, आम्ही तिघं भाऊ, तिघांच्या बायका आणि तीन पोरं. दादाचा पिकअप आहे, भाडं मारतो. वहिनी शिवणकाम करते. धाकटा एमआयडीसीत कामाला जातो. मी आणि माझी बायको शेती आणि गोठा बघतो. पूर्वीपासूनची पद्धत अशी की ज्याला पैसं आलं त्यानं अण्णांच्या हातात द्यायचं आणि लागलं तसं मागायचं. अण्णांच्या काळात ते चाललं. तेव्हा पैसा एकाच वाटेनं यायचा, तो म्हणजे शेतातनं.

एका रात्री जेवताना धाकटा म्हणाला, "भाऊ, माझा पगार सात तारखेला येतो आणि वीस तारखेला माझ्याच खिशात पेट्रोलला पैसं नसत्यात. उसाचं एवढं बिल आलं, ते गेलं कुठं?" मला राग आला. पण सकाळी वही घेऊन बसलो तर उत्तर मलाच देता येईना. ते गेलं होतं खतात, लागणीत, पोरीच्या फीमध्ये, एका लग्नाच्या आहेरात आणि किराणा दुकानाच्या उधारीत. सगळं एकत्र कालवलेलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. एकत्र कुटुंबात पैसा एकत्र करायला हरकत नाही, पण शेताचा धंदा आणि घराचा संसार एका डब्यातनं चालवू नये. आणि घरात प्रत्येकानं किती द्यायचं ते त्याच्या निव्वळ कमाईच्या टक्क्यात ठरवावं, सारख्या रकमेत नको. आमच्या घरचे आकडे सांगतो, म्हणजे समजंल.

पहिलं काम निव्वळ कमाई काढायचं. नोकरीवाल्याचं सोपं, हातात आलं ते त्याचं. धाकट्याचे १९,००० रुपये. गडबड होते ती शेती आणि दुधात. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, म्हणून आपण तोच पगार समजतो. आमचं रोजचं २० लिटर दूध, ३३ रुपये दरानं महिन्याला १९,८०० होतात. पण त्यात पेंडीची पाच पोती ८,००० रुपयांची. चारा, मिनरल मिक्श्चर, डॉक्टर धरून आणखी २,८००. राहिले ९,०००. घराला मोजायचे ते हे नऊ हजार, एकोणीस नाही. बरेच ठिकाणी डेअरी पेंडीचे पैसे बिलातनंच कापून घेते, तिथं निदान हे दिसतं तरी. जिथं पेंड दुकानातनं उधार येते तिथं दुधाचं बिल घरात संपतं आणि पेंडीची उधारी साचत जाते.

उसाचंही तसंच. दोन एकरांत ७० टन, ३,००० रुपये टनानं दोन लाख दहा हजार. मशागत, बेणं, खत, पाणी, मजुरी मिळून खर्च एक लाख चौदा हजार. उरले ९६,०००, म्हणजे महिन्याला ८,०००. दोन लाखांचं बिल बघून आपण लखपती झाल्यासारखं वागतो, पण घराला त्यातनं महिन्याला आठच हजार मोजता येतात.

दादाच्या भाड्याचा नेम नाही. कधी २२,००० सुटतात, पावसाळ्यात ९,०००. डिझेल, हप्ता, टायरचं काढून जे उरतं तेच धरायचं. इथं सरासरी धरू नका. आम्ही गेल्या वर्षातले सर्वांत कमी कमाईचे तीन महिने काढले आणि त्यांची सरासरी १०,००० धरली. बजेट चांगल्या महिन्यावर बांधलं की वाईट महिन्यात मोडतं. वहिनीच्या शिवणकामाचे ४,०००. सगळी बेरीज ५०,०००.

दुसरं काम खर्चाचं. अकरा माणसांचा किराणा ८,०००, ज्वारी, गहू आणि दूध घरचं म्हणून तेवढ्यात भागतं. भाजी, फळं, मटण ३,०००. गॅस १,४००, लाईटबिल १,३००, मोबाईलचे रिचार्ज १,५००. शाळा, क्लास, एसटी पास ४,५००. आई-अण्णांची औषधं २,३००. घरच्या गाड्यांचं पेट्रोल २,०००. झाले २४,०००. बहुतेक घरं इथंच थांबतात, आणि फसायला सुरुवातही इथूनच होते.

वर्षातनं एकदा येणारे खर्च कुणी धरत नाही. जूनमधल्या वह्या-पुस्तकं, दिवाळी, गावची जत्रा, पाव्हण्यांच्या लग्नातले आहेर, विम्याचा हप्ता, कपडालत्ता. आम्ही वर्षाचे लिहून काढले तर ७२,००० निघाले. बारानं भागलं की महिन्याला ६,०००. म्हणजे घराचा खरा खर्च ३०,००० आहे, चोवीस नाही. हे सहा हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात जातात. या वर्षी जूनमध्ये पहिल्यांदा आम्ही सोनं गहाण न ठेवता फी भरली.

आता वाटणी. ५०,००० कमाईत ३०,००० खर्च, म्हणजे ६० टक्के. प्रत्येकानं आपल्या निव्वळ कमाईतले साठ टक्के घरात द्यायचे. धाकटा ११,४००, दादा ६,०००, वहिनी २,४००, गोठा ५,४०० आणि ऊस ४,८००. बेरीज बरोबर ३०,०००. सारखी रक्कम ठरवली असती तर पाच वाट्यांचे प्रत्येकी सहा हजार आले असते. वहिनीची कमाईच चार हजार, ती कुठनं देणार? आणि धाकट्याला सहाच हजारांत सुटका मिळाली असती. टक्क्यात सगळ्यांना ओझं सारखं वाटतं.

उरलेले चाळीस टक्के ज्याचे त्याचे. त्यावर कुणी "कुठं घालवलं" असं विचारायचं नाही. धाकट्यानं आरडी काढली, दादानं टायरसाठी बाजूला टाकायला सुरुवात केली. माझ्या मते एकत्र घर टिकण्यात या न विचारण्याचा वाटा मोठा आहे.

इथं एक गोष्ट माझी बायको बोलली म्हणून लक्षात आली. ती म्हणाली, "धारा मी काढते, शेण मी आणि आत्या काढतो, आणि बिल अण्णांच्या खात्यावर. आमची कमाई किती धरली?" खरं होतं. पाच कमावत्यांच्या यादीत आम्ही गोठा लिहिला होता, गोठ्यात राबणारी माणसं लिहिली नव्हती. आता गोठ्याच्या चाळीस टक्क्यांतले, म्हणजे ३,६०० मधले, दोन हजार तिचे, एक हजार आईचे आणि सहाशे गोठ्याच्या दुरुस्तीला. धाकट्याची बायको लहान पोरामुळं बाहेर कामाला जात नाही, पण अकरा माणसांचा स्वयंपाक तिच्याकडं आहे. तिचा हातखर्च धाकट्याच्या वाट्यातनं ठरवून दिला. बाईनं दर वेळी मागून घ्यायचं म्हटलं की ती मागत नाही, मनात ठेवते.

उसाचे पैसे महिन्याला कसे द्यायचे, हा प्रश्न येईल. कायद्यानं ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत, पण ते हप्त्यानं, मागंपुढं होत येतात हे आपल्याला माहीत आहे. म्हणून क्रम ठरवला. आलेल्या बिलातनं आधी सोसायटीचं पीककर्ज आणि पुढच्या पिकाचा खर्च बाजूला. मग घराचे वर्षाचे ५७,६०० एका बचत खात्यात, आणि तिथनं दर महिन्याला ४,८०० घरखात्यावर. पीएम किसान आणि नमो शेतकरीचे वर्षाचे बारा हजार आम्ही घरात धरतच नाही, ते बियाण्याला ठेवतो.

पीककर्जाचं मुद्दाम सांगतो, कारण ती चूक मीच केली होती. दोन वर्षांपूर्वी पोरीची फी मी पीककर्जातनं भरली. खताला पैसे कमी पडले आणि कर्ज मुदतीत फिटलं नाही. आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज पडत नाही, ती सवलत माझी गेली. वर पुढच्या वेळी गावातनं टक्केवारीनं पैसे उचलावे लागले. फी महाग नव्हती, चुकीच्या डब्यातनं भरल्यामुळं महाग पडली.

गाय आटली की वितेपर्यंत दोनेक महिने तिचं दूध नाही. पावसाळ्यात दादाचं भाडं नाही. म्हणून घरखात्यात एका महिन्याचा खर्च, ३०,००० रुपये, पडून राहिला पाहिजे. तो दादाच्या चांगल्या महिन्यांतनं भरतो. २२,००० सुटले की साठ टक्क्यांनी १३,२०० येतात. धरलेल्या सहा हजारांच्या वरचे ७,२०० त्या शिल्लकेत जातात, खर्चात नाही. अजून आमचे तीस पुरे झालेले नाहीत, एकोणीसवर आहोत.

हिशोब दर महिन्याच्या दहा तारखेला, पगार आणि दुधाचं बिल आल्यावर. वही वहिनीकडं. सगळी मोठी माणसं बसतात, अर्धा तास पुरतो. बिघडतंय हे तीन ठिकाणी कळतं. किराणा दुकानाची उधारी महिना संपताना शून्यावर येत नाही, पेंडीची बाकी वाढते, किंवा वार्षिक खर्चाच्या खात्यातनं रोजच्या खर्चाला पैसे निघतात. यातलं एक सलग दोन महिने झालं तर साठाचे पासष्ट टक्के करा किंवा खर्च कमी करा, पण उघड बोलून करा.

हे सगळीकडं जमणार नाही. पुण्यात खोली भाड्यानं घेऊन राहणाऱ्या भावाचं भाडं आणि खानावळ आधी वजा करा, मग टक्का लावा, नाहीतर तो गावाकडं यायचाच बंद होईल. डोक्यावर सावकारी कर्ज असेल तर चाळीस टक्के हातात सोडता येणार नाहीत, आधी ते फेडायला सगळ्यांनी जास्त द्यावं लागेल.

सुरुवातीला अण्णांना वाटलं पोरांनी कारभार काढून घेतला. चार महिने ते दहा तारखेला बाहेर ओट्यावरच बसायचे. पाचव्या महिन्यात आत आले आणि म्हणाले, "पेंडीचं पोतं महाग लावलंय, दुसरीकडं विचारा." दुसरीकडं विचारलं. पोत्यामागं साठ रुपये कमी निघाले.