नवी बॅटरी किती वर्षं टिकेल, याचा अंदाज २५ दिवसांत कसा येतो?

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते. पण बॅटरीच्या आतल्या सेलची रसायनं कंपन्या सतत बदलत असतात. प्रत्येक नवा सेल आठ वर्षं वापरून पाहायचा आणि मगच बाजारात आणायचा, असं ठरवलं तर बाजारात येईपर्यंत तो जुना झालेला असेल.

मग दोन महिन्यांपूर्वी तयार झालेला सेल दीर्घायुषी आहे की नाही, हे कसं ओळखतात? याच्या उत्तराचा मोठा भाग एका आकड्यात आहे. त्याचं नाव कूलॉम्बिक एफिशियन्सी. हा आकडा बहुतेक चांगल्या सेलमध्ये ९९ टक्क्यांच्या वरच असतो. खरी गोष्ट त्याच्या पुढच्या दशांशांत दडलेली असते.

हा आकडा नेमका काय सांगतो?

सेल चार्ज करताना त्यात जितका विद्युतभार घातला, त्यातला किती भाग डिस्चार्ज करताना परत मिळाला, याचं गुणोत्तर म्हणजे कूलॉम्बिक एफिशियन्सी. समजा, १००० एमएएच घातले आणि ९९९.९ एमएएच परत आले, तर एफिशियन्सी झाली ०.९९९९.

लिथियम-आयन सेलमध्ये लिथियमचे आयन दोन इलेक्ट्रोडमध्ये ये-जा करत असतात. लोकलने सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्या प्रवाशांसारखंच. एफिशियन्सी ०.९९९९ आहे, याचा अर्थ १० हजार प्रवासी गेले आणि एक परतला नाही.

हा एक जण जातो कुठे? चार्ज झालेल्या ग्राफाइटच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधला द्रव, हळूहळू विघटित होतो आणि तिथे एक पातळ थर बसतो. हा थर संरक्षक असतो, पण तो वाढताना थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. सेलमध्ये लिथियम मोजकंच भरलेलं असतं. अडकलेल्या लिथियमची जागा घ्यायला बाहेरून कोणी येत नाही.

चौथ्या दशांशाने एवढा काय फरक पडतो?

चक्रवाढ व्याजाचं गणित इथे उलट्या दिशेने चालतं. प्रत्येक सायकलमध्ये ०.९९९ एवढाच भाग टिकत असेल, तर १००० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या फक्त ३७ टक्के उरते. तोच आकडा ०.९९९९ असेल, तर ९० टक्क्यांहून जास्त उरते. ८० टक्क्यांपर्यंत उतरायला पहिल्या सेलला सुमारे २२३ सायकल लागतात, तर दुसऱ्याला सुमारे २२३०.

टक्क्यांत सांगायचं तर एक सेल ९९.९ टक्के आणि दुसरा ९९.९९ टक्के. ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात, आयुष्यात मात्र दहापट फरक.

मग पहिल्या काही सायकलमध्ये क्षमता किती घटली, तेच का मोजत नाहीत? कारण १५ सायकलनंतर ०.९९९९ वाल्या सेलची क्षमता जेमतेम ०.१५ टक्क्याने कमी झालेली असते. तापमानात किरकोळ बदल झाला तरी क्षमतेचा आकडा तेवढा हलू शकतो. काही सेलमध्ये तर सुरुवातीला क्षमता किंचित वाढलेलीही दिसते. एफिशियन्सी मात्र प्रत्येक सायकलला नव्याने मोजता येते आणि तिच्यातली तूट थेट दिसते. अर्थात, मोजणारं यंत्र तेवढं अचूक असेल तरच.

मोजणं कठीण का आहे?

विद्युतभार म्हणजे प्रवाह गुणिले वेळ. प्रयोगशाळेत सेल २० तासांत चार्ज आणि २० तासांत डिस्चार्ज केला, तर २० तास म्हणजे ७२ हजार सेकंद. त्याचा दहा हजारावा भाग म्हणजे ७.२ सेकंद. यंत्र दर १० सेकंदांनी एकदाच व्होल्टेज तपासत असेल, तर चार्जिंग नेमकं कधी संपलं याच्या मोजणीतली चूकच शोधायच्या तुटीपेक्षा मोठी होऊ शकते.

प्रवाहाचंही तसंच. चार्जच्या आणि डिस्चार्जच्या प्रवाहात यंत्राने हजारात एक एवढी गफलत केली, तर चौथ्या दशांशाला काहीच अर्थ उरत नाही. तापमान बदललं की व्होल्टेज सरकतो आणि चार्जिंग थांबवण्याची मर्यादा लवकर किंवा उशिरा येते. म्हणून सेल स्थिर तापमानाच्या पेटीत ठेवावे लागतात.

कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरातल्या डलहौसी विद्यापीठात प्राध्यापक जेफ डान यांच्या गटाने यासाठी स्वतःची यंत्रं बांधली आणि २०१० मध्ये त्यावरचे शोधनिबंध प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी एकसारखे इलेक्ट्रोड असलेले, पण इलेक्ट्रोलाइटमध्ये वेगवेगळी पूरक रसायनं घातलेले सेल तपासले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की, काही आठवड्यांच्या अचूक मोजणीत जे सेल वरचढ ठरले, तेच दीर्घकाळ चालवल्यावरही जास्त टिकले.

४० तासांची एक सायकल, अशा १५ सायकल, म्हणजे ६०० तास. २५ दिवसांत कोणतं मिश्रण पुढे न्यायचं आणि कोणतं सोडून द्यायचं, हे ठरवता येतं. डान यांच्या गटाचं २०१६ पासून टेस्लासोबत संशोधन सुरू झालं.

या अंदाजाच्या मर्यादा काय?

पहिली मर्यादा म्हणजे वेळ. थर सायकल मोजून वाढत नाही, तो तासागणिक वाढतो. तोच सेल दोन तासांत चार्ज केला, तर त्या सायकलमध्ये बिघाडाला कमी वेळ मिळतो आणि एफिशियन्सी जास्त दिसते. त्यामुळे वेगवेगळ्या वेगाने किंवा वेगवेगळ्या तापमानाला मोजलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

दुसरी मर्यादा अशी की, तूट म्हणजे दरवेळी गमावलेलं लिथियम नसतं. धन इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रोलाइटचं ऑक्सिडेशन झालं, तर जास्तीचे इलेक्ट्रॉन मोजणीत येतात. प्रवासी नसताना तिकीट फाटावं, तसं. ती प्रक्रियाही सेलसाठी वाईटच, पण तिच्यामुळे क्षमता लगेच घटत नाही. शिवाय थर जाड होत गेला की त्याच्या वाढीचा वेग मंदावतो. म्हणून वर केलेलं चक्रवाढीचं गणित कच्चा हिशोब आहे, त्यावरून नेमकी वर्षं सांगता येत नाहीत. एकाच पद्धतीने मोजलेल्या दोन सेलपैकी चांगला कोणता, हे सांगण्यात या मोजणीची खरी ताकद आहे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. काही सेल शेकडो सायकल नीट चालतात आणि मग क्षमता एकदम कोसळते. ग्राफाइटवर धातूरूपात लिथियम साचणं हे त्याचं एक कारण. वेल्डिंगमधला दोष किंवा घाईघाईने केलेलं फास्ट चार्जिंग यांचे परिणामही संथपणे केलेल्या १५ सायकलमध्ये दिसत नाहीत. त्यासाठी दीर्घ चाचण्यांना पर्याय नाही.

म्हणूनच नव्या बॅटरीच्या घोषणेत '९९.९ टक्के एफिशियन्सी' असं वाचलं, तर तीन गोष्टी पाहायला हव्यात: पुढचे दशांश कोणते, मोजणी कोणत्या तापमानाला झाली आणि एक सायकल किती तासांची होती. ही माहिती नसेल, तर त्या आकड्यावरून २०० सायकल आणि २००० सायकल टिकणाऱ्या सेलमध्ये फरक करता येत नाही.