परिपक्व मालात भांडवल घालावे काय?

विलेपार्ले पूर्वेतील पार्ले प्रॉडक्ट्सचा जुना कारखाना 2016 साली बंद झाला, तेव्हा भाजत्या बिस्किटांचा वास ज्यांच्या रोजच्या येण्याजाण्याचा भाग झाला होता अशा पार्ले-अंधेरीच्या रहिवाशांना हळहळ वाटली, आणि ती रास्तच होती. परंतु त्या घटनेवरून ग्लुकोज बिस्किटाचे दिवस भरले आणि आता या मालात नवे भांडवल घालणे म्हणजे पैसा पाण्यात टाकणे, असा जो निष्कर्ष काही जाणत्या मंडळींनीही काढला, तो मात्र तपासून पाहणे अवश्य आहे. 1929 साली मिठाई व गोळ्यांपासून सुरू झालेल्या आणि 1939 पासून बिस्किटे करू लागलेल्या या संस्थेचा तो कारखाना बंद झाला खरा, पण पार्ले-जीचे उत्पादन अन्य ठिकाणच्या कारखान्यांतून चालूच राहिले. उपनगराच्या ऐन वस्तीतील जुन्या इमारतीत भट्टी चालवणे परवडते की नाही हा एक प्रश्न, आणि बिस्किटाला गिऱ्हाईक आहे की नाही हा अगदी निराळा.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण सामर्थ्यानिशी मांडले पाहिजे. प्रत्येक मालाला परिचय, वाढ, परिपक्वता आणि उतार अशा चार अवस्था असतात, ही कल्पना 1965 साली थिओडोर लेव्हिट यांच्या प्रसिद्ध लेखामुळे व्यापारी वर्गात रुजली. तिच्या जोरावर हा पक्ष म्हणतो की ग्लुकोज बिस्किट घरोघर पोहोचले आहे, नवे गिऱ्हाईक उरलेले नाही, वाढ कुकीज आणि क्रीमच्या महाग बिस्किटांत आहे. सबब जुन्या मालातून निघेल तितका पैसा काढून घ्यावा आणि तो नव्या मालात गुंतवावा. यातील निरीक्षण बव्हंशी खरे आहे, आणि म्हणूनच त्यातून काढलेला निर्णय अधिक घातक ठरतो.

पहिला आक्षेप मोजमापाचा आहे. खपाचा आलेख आडवा झाला असे म्हणताना तो रुपयांचा, पुड्यांचा की टनांचा, हे कोणी सांगत नाही. आणि पार्ले-जीसारख्या मालात हे तीन आलेख तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. या पुड्याची किंमत वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर ठेवून महागाईचा भार वजन उतरवून सोसला गेला, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. उदाहरणादाखल समजा, पाच रुपयांच्या पुड्याचे वजन 65 ग्रॅमवरून 55 ग्रॅमवर आणले आणि वर्षभरात तितकेच पुडे विकले गेले. रुपयांचा आलेख जागच्या जागी राहील, पुड्यांचाही राहील, आणि टनांचा मात्र सुमारे 15 टक्क्यांनी कोसळेल. केवळ टन पाहणारा म्हणेल की उतार लागला. वस्तुतः एकही गिऱ्हाईक गेलेले नाही, कंपनीने स्वतःच माल कमी दिला आहे. उलट वजन घटल्यावर गिऱ्हाईक दुसरा पुडा उचलू लागले, तर पुड्यांचा आलेख चढेल आणि मालाला तारुण्य आल्याचा भास होईल. म्हणून शहाण्या माणसाने प्रथम विचारावे: किती घरे घेतात, महिन्यातून किती वेळा घेतात, आणि एका वेळी किती ग्रॅम घेतात? या तीन आकड्यांपैकी कोणता हलला हे कळल्यावाचून अवस्थेचे नाव घेणे हा केवळ तर्क आहे.

दुसरा आक्षेप कारणांचा. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा किलोमागे शंभर रुपयांपर्यंतच्या ज्या स्वस्त बिस्किटांना पूर्वी अबकारी करातून माफी होती, तीही 18 टक्क्यांच्या दरात ओढली गेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये पार्लेच्या अधिकाऱ्यांनी मागणी घटल्याची आणि मंदी टिकल्यास दहा हजारांपर्यंत कामगारांच्या नोकऱ्या धोक्यात येण्याची जाहीर वाच्यता केली. त्या वेळी आलेख पाहणाऱ्याने उताराची अवस्था नक्कीच जाहीर केली असती. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली, घरात साठवायला आणि स्थलांतरितांना वाटायला हाच पुडा देशभर उचलला गेला, आणि त्या महिन्यांतील खप आजवरच्या इतिहासात उच्चांकी असल्याचे कंपनीने सांगितले. एका वर्षात म्हातारा झालेला माल दुसऱ्या वर्षी तरुण झाला, असे कोणी म्हणणार नाही. 2019 मध्ये करभार आणि ग्रामीण भागातील रोडावलेली क्रयशक्ती आडवी आली होती, 2020 मध्ये अवचित गरज निर्माण झाली. अवस्था बदललीच नव्हती. 22 सप्टेंबर 2025 पासून हा कर पाच टक्क्यांवर आला आहे, आणि त्यामुळे खप वाढला तर त्याही वाढीचे श्रेय मालाच्या वयाला देता येणार नाही.

1976 साली ढल्ला आणि युस्पेह या दोन लेखकांनी ही सारी कल्पनाच सोडून देण्याचा सल्ला दिला होता, तो या कारणाने की व्यवस्थापक मालाला उतार लागला असे गृहीत धरून त्याची हेळसांड करतात आणि मग त्या हेळसांडीने तो खरोखरच उतरतो. मी त्यांच्याइतका टोकाला जात नाही. ग्लुकोज बिस्किट परिपक्व आहे हे मला मान्य आहे. मात्र परिपक्वता हे भांडवल बंद करण्याचे फर्मान नसून भांडवलाचा प्रकार बदलण्याची सूचना आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

ते हिशेबानेच स्पष्ट होते. हे आकडे कल्पित आहेत, पण त्यांची रीत खरी आहे. एक कारखाना वर्षाला 100 कोटी पुडे काढतो आणि त्याच्यापुढे सहा कोटी रुपये खर्चाच्या दोन योजना आहेत. पहिलीत भट्टीचे इंधन, वेष्टणाचा कागद आणि मोडक्या बिस्किटांची नासाडी यांत सुधारणा होऊन पुड्यामागे दोन पैसे वाचतात. खप तसूभरही न वाढता वर्षाला दोन कोटी वाचतील आणि तीन वर्षांत भांडवल फिटेल. दुसऱ्या योजनेत तेच सहा कोटी जाहिरातीवर जातात. पुड्यामागे 25 पैसे सुटत असतील तर सहा कोटी भरून यायला 24 कोटी जास्तीचे पुडे विकावे लागतील, म्हणजे तीन वर्षे दरवर्षी आठ टक्के अधिक. वाढत्या बाजारात हे नव्या गिऱ्हाइकांकडून होईल. थांबलेल्या बाजारात मात्र प्रत्येक पुडा प्रतिस्पर्ध्याच्या हातून हिसकावा लागेल, आणि तोही स्वस्थ बसणार नाही. तीच अवस्था, तेवढीच रक्कम, पण पहिला होकार योग्य आणि दुसरा अविचारी. म्हणून ‘या वर्गात पैसा घालावा की नाही’ हा प्रश्नच चुकीच्या जागी पडतो. पुढचा रुपया कोणत्या कामी लागून काय परत आणतो, एवढेच विचारायचे असते.

अर्थात वजन उतरवून किंमत टिकवण्याच्या मार्गालाही सीमा आहे, आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाच रुपयांच्या पुड्यातील वजन अनंतकाळ उतरवता येत नाही. एक दिवस घाटकोपरच्या चाळीतील आई पुडा हातात घेऊन म्हणेल की हा मुलांना पुरत नाही, आणि त्याऐवजी दुसरे काही घेईल. तो दिवस आला की नाही हे दुकानाच्या गल्ल्यावरून कळते. ज्या घरांत बिस्किटे खाल्ली जातात त्यांची संख्या वाढत असताना, किंमत व वजन दोन्ही स्थिर ठेवूनही ग्लुकोजचे पुडे सलग काही तिमाह्या त्याच घरांतून कमी उठू लागले, आणि त्यांची जागा महाग कुकीजने घेतली, तर तो खरा उतार समजावा. मग भट्टीची डागडुजी करावी, नवी भट्टी उभारू नये. तोवर मात्र पार्ल्याच्या बंद दरवाजाकडे बोट दाखवून या मालाला भांडवल नाकारणाऱ्यांचे म्हणणे ग्राह्य धरू नये. त्यांच्यापाशी एका इमारतीची हकीकत आहे, गिऱ्हाइकाचा पुरावा नाही.