पांढरा कोळसा : यंत्राआधी हिशेब

चाळीत ज्यांचे बालपण गेले त्यांना भुशाची शेगडी आठवत असेल. पत्र्याचा डबा, मधोमध उभी धरलेली बाटली, खालच्या भोकातून आडवा घातलेला दांडका आणि भोवती ठासून भरलेला लाकडाचा भुसा. बाटली व दांडका अलगद काढून घेतले की मध्ये हवेला वाट राही आणि एका भरण्यात सकाळचा स्वयंपाक उरके. भुसा सैल राहिला तर शेगडी मध्येच ढासळे. ओला असला तर घरभर धूर होई. भुसा कोरडा हवा आणि दाबून बसलेला हवा, एवढे आमच्या आयांना पक्के ठाऊक होते.

ही आठवण निघण्याचे कारण म्हणजे वस्तीतली पाच तरुण मुले. सगळी सुतारकामातली. एका रविवारी कागद घेऊन आमच्याकडे आली. भुशापासून पांढरा कोळसा, म्हणजे कांड्या, तयार करण्याचे यंत्र घ्यायचे होते. त्यासाठी कर्ज काढायचे, आणि तारण म्हणून एकाच्या आईचे घर लिहून द्यायचे ठरले होते. "काका, भुसा तर फुकट पडलाय. तोटा होईलच कसा?" असा त्यांचा सवाल. आम्ही कारकून माणूस, बी.कॉम. झालेलो. म्हटले, सही करण्याआधी वही काढू.

प्रथम यंत्र काय करते ते समजून घेतले. त्यात एक जड दट्ट्या असतो. तो भुसा मोठ्या जोराने निमुळत्या साच्यातून पुढे ढकलतो. दाबाने आणि घर्षणाने भुसा तापतो. लाकडात मुळातच लिग्निन नावाचे द्रव्य असते, ते उष्णतेने मऊ होऊन डिंकासारखे कण धरून ठेवते आणि थंड झाल्यावर कडक होते. म्हणून वेगळा डिंक किंवा शेण घालावे लागत नाही. चांगली कांडी पाण्याच्या बादलीत टाकली तर बुडते. तरंगली तर ती नीट दाबली गेलेली नाही असे समजावे. मात्र बुडालेली कांडीही थोड्याच वेळात फुगून पुन्हा भुसा होते. सबब पावसाळ्यात कोरडे गोदाम नसेल तर तयार माल मातीमोल.

या साऱ्याची नाडी ओलाव्यात आहे. भुशात साधारण आठ ते बारा टक्के ओलावा असला तर कांडी नीट बांधली जाते. जास्त असला तर साच्यातल्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट शोधते, कांडीला आडव्या भेगा जातात, कधी फट्‌कन आवाज होऊन ती फुटतेच. यंत्र भुसा वाळवून देत नाही. ते काम आधी उन्हाने किंवा वेगळ्या भट्टीने करावे लागते.

ओलावा घरच्या घरी पाहता येतो. शंभर ग्रॅम भुसा काट्यावर तोलून घ्यावा. तव्यावर अगदी मंद आचेवर हलवत राहावे, करपू देऊ नये. पुन्हा पुन्हा तोलावे. वजन घटायचे थांबले की जितके ग्रॅम कमी झाले तितके टक्के ओलावा. मुलांनी दोन ठिकाणचा भुसा आणला होता. फर्निचरच्या कारखान्यातला शंभराचा अठ्ठ्याऐंशी राहिला. वखारीतला, ताजे ओंडके कापताना पडलेला, शंभराचा साठ राहिला. फर्निचरचे लाकूड वाळवलेले असते, वखारीत ओले येते, त्याचाच हा फरक.

आता वही. मुलांच्या ओळखीचे दहा लहान कारखाने. प्रत्येकाचा रोजचा भुसा सरासरी पंचवीस किलो धरला. म्हणजे दिवसाला 250 किलो, महिन्याचे 26 दिवस धरून 6,500 किलो. ज्या यंत्राची बोलणी चालली होती ते तासाला 400 किलो काढणारे. म्हणजे ते रोज पाऊण तासही चालणार नाही! हप्ता महिना 25,000 रुपये. 6,500 किलोंवर वाटला तर नुसत्या हप्त्याचा भार किलोमागे 3 रुपये 85 पैसे. तेच यंत्र रोज आठ तास चालले तर महिन्याला 83,200 किलो माल निघेल आणि हप्त्याचा भार किलोला फक्त 30 पैसे होईल. भुसा फुकट असून तोटा कसा, याचे उत्तर इथे आहे. रिकाम्या यंत्राचाही हप्ता चालूच असतो.

"मग वखारीतला भुसा विकत आणून भर घालू," एक जण म्हणाला. तेही मांडले. किलोला दोन रुपये दराने एक टन घेतला तर 2,000 रुपये. त्यात चाळीस टक्के, म्हणजे 400 किलो, पाणीच. अगदी कोरडे लाकूड 600 किलो. दहा टक्के ओलावा ठेवून माल होईल 667 किलो. दोन रुपयांचा भुसा हातात पडेपर्यंत तीन रुपयांचा झाला. शिवाय वाळवण्याची जागा, मजुरी, वीज आणि झिजलेला साचा व दट्ट्याचे टोक वारंवार भरून घेण्याचा खर्च वेगळाच. भुशात एखादा खिळा राहिला तर तो साचाच खराब करतो, म्हणून आधी चाळणी आणि लोहचुंबक लागतो.

लाकडाच्या ढलप्या आणि तुकडे दळून कांड्या कराव्यात, असाही विचार होता. तो आम्ही खोडून काढला. तुकडा हा आधीच घट्ट इंधन आहे. विजेने दळून पुन्हा विजेने दाबण्यात काय मिळवले? साध्या लाकडाचे तुकडे सरळ सरपण म्हणून विकावेत.

मात्र प्लायवूड, एमडीएफ, लॅमिनेट आणि रंगवलेले लाकूड पहिल्यापासून वेगळ्या पोत्यात ठेवावे. त्यात रासायनिक गोंद व रंग असतो आणि त्याचा धूर विषारी. हा भुसा कांड्यांत मिसळला आणि त्या कोणा मायमाऊलीच्या चुलीत गेल्या, तर ते पाप आपल्याच माथी. माता-भगिनींनीही फुकट मिळतो म्हणून तो घरी जाळू नये. आजच्या फर्निचरमध्ये प्लायवूडच जास्त असते. त्यामुळे वहीतल्या 250 किलोंमधूनही मोठा भाग वजा करावा लागला.

मुले बराच वेळ गप्प होती. ज्याच्या आईचे घर तारण जाणार होते त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. शेवटी ठरले ते असे. यंत्र घ्यायचे नाही. साध्या लाकडाचा भुसा वेगळा, चाळून, खिळे काढून, कोरड्या पोत्यांत भरायचा आणि कांड्या बनवणाऱ्या चालू कारखान्याला थेट द्यायचा. दर ठरवताना तव्यावरची परीक्षा त्याच्यासमोर करायची, कारण बारा टक्क्यांच्या आणि चाळीस टक्क्यांच्या भुशाला एकच भाव घेणे म्हणजे आपले लाकूड पाण्याच्या भावात देणे.

सहा महिने रोजच्या पोत्यांचे वजन वहीत लिहायचे, असेही त्यांना सांगितले आहे. आठ तासांना पुरेल एवढा कोरडा भुसा वहीत दिसला, तर यंत्राचे कागद पुन्हा काढू. तोवर त्या माऊलीच्या घराचा उतारा तिच्याच पेटीत राहू द्या.