लहान्याच्या घड्याळानं चाला

जुळी लेकरं घरात आली की सगळे सांगतात, दोघांना एकाच वेळी पाजा, एकाच वेळी झोपवा. सल्ला खरा आहे. पण वेळ कोणाची धरायची, हे कोणी सांगत नाही. आम्ही नवराबायको तिथंच चुकलो.

बाळंतपण अमरावतीला डफरीनमध्ये झालं. मोठा २ किलो ३०० ग्रॅम, लहानी १ किलो ९००. अकोल्याला वस्तीत आल्यावर मोठा रडला की दोघांना पाजायचं, असं आम्ही ठरवलं. मोठा रात्री चार-चार तास झोपे आणि लहानीही गप्प पडून राही. आम्हाला वाटलं, गुणाची पोर आहे. चौदाव्या दिवशी आशाताईनं वजन केलं तेव्हा ती जन्माच्या वजनावर आली होती. एकविसाव्या दिवशी मात्र फक्त ५० ग्रॅम वाढ. आठवड्याला निदान दीडशे तरी हवी. आशाताईनं विचारलं, "दिवसातून लघवी किती वेळा?" आम्हाला सांगता येईना. मोजलं तर चारच दुपटी ओली. सहाच्या खाली म्हणजे दूध कमी पडतंय. कमी वजनाचं लेकरू भुकेनं रडत नाही, थकून झोपतं.

मग घड्याळ लहानीचं धरलं. दिवसा दोन-अडीच तासांनी, रात्री तीन तासांच्या आत. आजी म्हणायची, "झोपलेलं लेकरू काहून उठोता?" तरी उठवत होतो. तळपायाला चोळलं, अंगावरचं दुपटं काढलं की लहानी जागी होई. गोधडीच्या घड्या दोन्ही काखांशी ठेवून दोघांना एकदम पाजायचं. मोठा जोरात ओढतो, म्हणून तो आज डावीकडे तर उद्या उजवीकडे, म्हणजे दोन्ही बाजूंना दूध वाढतं. लहानी लवकर थकते, तिला नंतर पिळून काढलेलं दूध वाटी-चमच्यानं. बाटली घरात आणलीच नाही.

'बापानं मदत करावी' हे बोलणं आम्हाला पटत नाही. पाजणं सोडून बापाला न येणारं त्यात काही नाही. आमच्यातला एक दिवसभर बांधकामावर असतो. संध्याकाळी साडेसातला पाजून झालं की दोन्ही लेकरं त्याच्याकडे आणि आईनं दहापर्यंत सलग झोपायचं. लहानीला तो उघड्या छातीशी धरून बसतो, त्यानं तिचं अंग ऊबदार राहतं. रात्री दुपटी बदलणं, ढेकर काढणं आणि वहीत दूध-लघवीची खूण करणं त्याचंच काम. दिवा मंद, बोलणं नाही, टीव्ही बंद. दोघं उताणी, शेजारी-शेजारी झोपतात. एकाच्या रडण्यानं दुसरं बहुतेक उठत नाही. दोघांची झोप आपोआप जुळायला तीन-चार महिने लागतात, तोवर जुळवावीच लागते.

अठ्ठाविसाव्या दिवशी लहानी १६० ग्रॅमनं वाढली होती. वही अजून चालू आहे. लेकरू उठवूनही दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल किंवा श्वास जोरात चालत असेल, तर पुढच्या वेळेची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठायचा, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.