साडेबारा की दीड?

चि. मीनास अनेक आशीर्वाद.

तुझ्या वर्गमित्राविषयी तू फोनवर सहज बोललीस, पण मी इथे हिशेब मांडला. तुमचा ऑनलाइन अभ्यास जर्मनीत रात्री ९ ला. उन्हाळ्यात तेव्हा पुण्यात साडेबारा. गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळे तासभर मागे गेली आणि त्याला दीड वाजू लागला. अख्खा हिवाळा तो चकार शब्द बोलला नाही! तुझे गणित अडले, की उत्तर न सांगता ते सुटेपर्यंत थांबतो. बाई, हा नुसता अभ्यास नव्हे.

उपकाराखातर होकार देऊ नकोस. मनात नसेल तर त्याला जागवूही नकोस. यंदा घड्याळे फिरली, की वेळ तूच ५ वर आण. त्याचे साडेनऊ होतील. मग शांतपणे आपल्या मनाला विचार.

तुझी,
आई