जुनी पेटी, नवा सूर

अंजनगाव सुर्जीतील एखाद्या घरची आजोबांच्या काळातील पेटी नव्या कीबोर्डसोबत वाजविली की सूर कधी थरथरतो. तेवढ्यावरून पेटी बिघडली, असे समजू नये. मध्य सप्तकातील ‘पांढरी सहा’साठी फ्रान्सने 1859 मध्ये सेकंदाला 435 कंपने ठरविली, 1939 च्या लंडन परिषदेने 440 मान्य केली. पेटी जुन्या मापाला लावलेली असल्यास त्या स्वरावर सेकंदाला पाच हेलकावे ऐकू येतात. हा फरक अर्ध्या स्वराचा जेमतेम पाचवा भाग असल्याने ट्रान्सपोजने मिटत नाही. रीडची पितळी जीभ टोकाशी घासून सूर चढविता येतो, परंतु घासलेली धातू परत येत नाही. म्हणून कीबोर्डचे सूक्ष्म ट्यूनिंगच 435 वर उतरवावे.